पहिली परदेशवारी: ग्रुपबरोबर की आपलं आपण?

श्रोतेहो, नमस्कार.

पेपरात सध्या रोज अर्धं पान सहलींच्या जाहिरातींचं असतं. बँकॉक-पटाया, सिंगापूर, दुबई. परभणीत, लातुरात, नांदेडात आता घरटी एखाद्याचा तरी पासपोर्ट निघालेला आहे. आणि पासपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न येतो तो हाच. कंपनीच्या ग्रुपबरोबर जायचं, की तिकीट काढून आपलं आपण? आज बोलायचंय ते यावर, आणि थायलंड धरून बोलायचंय, कारण आपल्याकडची बरीच मंडळी पहिल्यांदा तिकडंच जातात. मुंबईहून विमान चार-साडेचार तासांचं, खर्चही आवाक्यातला.

आधी पैशाचं बघू. आमची अक्का आणि दाजी ग्रुपबरोबर गेले, तेव्हा जाहिरातीतला आकडा होता माणशी ६० हजार. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ हजार वाढले. मग टीसीएस. हा कर परदेशी पॅकेजवर कंपनी आपल्याकडून कापून सरकारकडं भरते. त्याचा दर बजेटमध्ये बदलतो, म्हणून पैसे भरताना ताजा दर विचारून घ्या. हे पैसे बुडत नाहीत. रिटर्न भरलं की हिशोबात धरले जातात, जास्तीचे परत मिळतात. पण रिटर्न भरावं लागतं, हे ध्यानात ठेवा. रिटर्न भरलं नाही, तर पैसे तिकडंच राहतात. त्यापुढं गाईड-ड्रायव्हरची टीप, रोजची डॉलरमध्ये. मग ‘ऑप्शनल’ म्हणून लिहिलेली बोटीची सफर. परभणी ते मुंबई जाणं-येणं वेगळंच. सगळं धरून माणशी ७० हजारांच्या वर गेलं.

पुढच्या वर्षी माझा पुतण्या, त्याची बायको आणि आमच्या वहिनी असे तिघं आपले आपण गेले. तीन महिने आधी तिकिटं काढली, मधल्या दर्जाचं हॉटेल घेतलं. सगळं मिळून माणशी ४५ हजारांच्या आसपास बसलं. फरक मोठा आहे. पण नुसत्या फरकावर ठरवू नका. का ते सांगतो.

आमची अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दरवर्षी पोरांची सहल अजिंठ्याला न्यायची. २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे बघा, तथागत उजव्या कुशीवर पहुडलेले आणि खाली शोक करणारे शिष्य. साधारण ७ मीटर लांबीची. अक्का पोरांना त्या मूर्तीपुढं बसवून चित्र काढायला लावायची. (आता सहली निघतात त्या वॉटर पार्कला. पोरांना वही-पेन्सिल देऊन तासभर एका मूर्तीपुढं बसवलं, तर ते त्यांना जन्मभर पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.) तर कुणीतरी अक्काला सांगितलं, बँकॉकला वाट फो नावाचं विहार आहे, तिथं पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आहे. तेव्हापासून तिचं ठरलं होतं, बाहेरच्या देशात गेले तर ही मूर्ती बघायला जाईन.

ग्रुपची बस तिथं पोचली साडेअकराला. टूर मॅनेजरनं झेंडा वर केला आणि सांगितलं, चाळीस मिनिटं. मंडळी आत गेली. मूर्ती एवढी मोठी की नजरेत एकदम मावत नाही, खांबांच्या मधून तुकड्या-तुकड्यानं बघावी लागते. आधी चेहरा, मग हात, मग चालत चालत पावलांशी यायचं. त्या तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगल चिन्हं काढलेली आहेत. अक्का तिथंच थबकली. फोटोवाल्यांची गर्दी सरायची वाट बघत उभी राहिली.

मूर्तीच्या पाठीमागच्या बाजूला, भिंतीकडेनं ओळीनं ब्राँझची १०८ पात्रं मांडलेली आहेत. तिकडच्या चलनातले २० बात दिले की वाटीभर सुटी नाणी मिळतात. एकेका पात्रात एकेक नाणं टाकत पुढं जायचं. तो टिण टिण आवाज सगळ्या विहारात घुमत असतो. अक्कानं वाटी घेतली. तीसेक पात्रं झाली असतील, तेवढ्यात दाजी हाक मारत आले.

‘‘अगं, चल लवकर. बस सुटायली.’’

‘‘थांबा की जरा. टाकायलेय ना अजून.’’

‘‘सगळे बसून वाट बघायलेत. तो पोरगा दोनदा येऊन गेला.’’

चाळीस माणसं ताटकळत ठेवायची अक्काच्या स्वभावात नाही. उरलेली नाणी तिनं शेजारच्या एका थाई बाईच्या ओंजळीत दिली आणि ती बसमध्ये येऊन बसली. बस गेली कुठं? रत्नांच्या दुकानात. तिथं मंडळी दीड तास होती. नीट ऐका, मूर्तीपुढं चाळीस मिनिटं आणि दुकानात दीड तास. अक्कानं काहीच घेतलं नाही, खुर्चीवर बसून राहिली.

हे दुकान काही मध्येच उपटलेलं नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत ‘जेम्स गॅलरी’ असं सरळ लिहिलेलं होतं. अशी दुकानं पर्यटक आणून देणाऱ्याला कमिशन देतात आणि पॅकेज स्वस्त दिसतं त्याचं ते एक कारण असतं. म्हणजे जे पैसे आपण दिले नाहीत, ते आपल्या वेळातून वसूल होतात.

आता पुतण्याचं ऐका. त्याला ही हकिगत पाठ होती. तो म्हणाला, आपण ग्रुपबरोबर जायचंच नाही. ही तिघं राजवाड्याच्या, म्हणजे ग्रँड पॅलेसच्या रस्त्यानं चालत होती. एक टापटीप कपड्यातला माणूस भेटला, फार अदबीनं बोलला. राजवाडा आज बंद आहे, बौद्ध सण आहे, दुपारी उघडेल. तोवर हा टुकटुकवाला २० बातमध्ये तुम्हाला तीन विहारं दाखवून आणेल. वहिनी म्हणाल्या, किती चांगला माणूस आहे! टुकटुकवाल्यानं एक लहानसं विहार दाखवलं आणि मग गाडी उभी केली ती रत्नांच्या दुकानापुढं.

बघा, अक्का बसनं गेली आणि वहिनी टुकटुकनं गेल्या, पण दोघी पोचल्या तसल्याच दुकानात! ही बँकॉकमधली जुनी आणि फार गाजलेली फसवणूक आहे. ओळखायची खूण सोपी. गेटपासून लांब रस्त्यावरच कुणी ‘बंद आहे’ असं सांगत असेल, आणि लगेच फारच स्वस्तात फिरवायला तयार असेल, तर त्याचं ऐकू नका, सरळ गेटावर जा. राजवाडा एखादा शाही समारंभ नसेल तर रोज सकाळी साडेआठला उघडतो. दुपारी साडेतीनपर्यंतच आत घेतात, म्हणून सकाळीच गेलेलं बरं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपल्या साडीला अडचण नाही, हाफ पँटला आहे.

पण फरक पडला तो पुढं. दोन तास गेल्यावर पुतण्या दुकानातून बाहेर आला. फोनवर नकाशा काढला. तिघं मेट्रोनं सनाम चाय स्टेशनला उतरली आणि तिथून पायी वाट फो. राजवाडा दुसऱ्या दिवसावर टाकला. वहिनींनी १०८ पैकी १०८ पात्रांत नाणी टाकली, मग पावलांपाशी भिंतीला टेकून बसल्या. कुणी झेंडा दाखवायला नव्हतं. संध्याकाळी घाटावरून नावेनं पलीकडं वाट अरुण या विहारात गेल्या. म्हणजे दुकानात दीड-दोन तास दोघींचेही गेले. वहिनींचे भरून निघाले, अक्काचे नाही निघाले. आपलं आपण जाण्यातली मोकळीक म्हणतात ती हीच. चूक झाली तर उरलेला दिवस आपल्या हातात असतो.

मग सगळ्यांनी आपलं आपणच जावं का? तर तसंही नाही. त्याच ग्रुपच्या सहलीत तिसऱ्या रात्री दाजींना उलट्या-जुलाब सुरू झाले. दाजींना बीपीचा त्रास. रात्री दोन वाजता अक्कानं टूर मॅनेजरच्या खोलीचं दार वाजवलं. त्या पोरानं टॅक्सी बोलावली, विम्याच्या नंबरवर फोन लावला, दवाखान्यात सलाईन संपेपर्यंत बसून राहिला. सकाळी दाजींसाठी भाताची पेज करून घेतली. बिलं, रिपोर्ट, सगळे कागद जपून अक्काच्या हातात दिले, म्हणून विम्याचा दावा मंजूर झाला. अक्का आजही त्याचं नाव काढते. पुतण्यावर ही वेळ आली असती, तर हे सगळं त्याला एकट्याला करावं लागलं असतं, अनोळखी भाषेत, आजारी माणूस शेजारी ठेवून.

म्हणून माझं म्हणणं असं. साठीच्या पुढची दोघंच निघाली असतील, गोळ्या चालू असतील आणि फोनवर नकाशा बघता येत नसेल, तर पहिली वारी ग्रुपबरोबरच करा. २५ हजार जास्त गेले तरी ते त्या रात्री दोनच्या माणसासाठी गेले असं समजा. पण पैसे भरायच्या आधी कार्यक्रमपत्रिका मागून घ्या आणि दोन गोष्टी बघा. दुकानांचे थांबे किती आहेत, आणि एक अख्खा दिवस मोकळा आहे का. मोकळा दिवस नसेल, तर दुसरी कंपनी बघा. जे ठिकाण मनात धरून निघालात, तिथं त्या दिवशी टॅक्सीनं परत जा आणि पोटभर बसा.

आणि घरात एखादं फोन-नकाशा वापरणारं पोरगं किंवा सून बरोबर असेल, तर आपलं आपण जा. तेव्हा कागदांचं काम मात्र तुमच्यावर. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. थायलंडचा डिजिटल आगमन अर्ज पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे, पुन्हा सांगतो, फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेही तिकिटाआधी बघा. आणखी एक. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असू शकतो, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर सरकारची परवानगी लागते, आणि थायलंड त्या यादीतल्या देशांत आहे. फिरायला जाणाऱ्याला त्यानं बंदी नाही, पण मुंबईच्या विमानतळावर जास्तीची विचारपूस होते. वहिनींची झाली. पुतण्यानं परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि विमा यांच्या छापील प्रती पुढं ठेवल्या, पाच मिनिटांत सोडलं.

दोन्ही प्रकारांत मुंबई गाठायची ती आपल्यालाच. विमान रात्रीचं असलं तरी त्याच दिवशी सकाळी पोचणाऱ्या देवगिरीवर भरवसा ठेवू नका, आदल्या दिवशीच निघा. गाडी लेट झाली म्हणून विमान थांबत नाही, आणि ग्रुपही थांबत नाही. एक रात्र नातेवाइकाकडं नाहीतर लॉजवर काढा, आणि तिचा खर्च पहिल्याच हिशोबात धरा.

नमस्कार.