पोपड्याची मागची बाजू

या भिंतीला वरपासून खालपर्यंत एकाच डब्यातला रंग आहे, एकाच रंगाऱ्याने दिलेला. वरचा भाग शाबूत आहे. जोत्यापासून कमरेपर्यंत मात्र फुगे, पोपडे आणि मध्ये मध्ये उघडा पडलेला गिलावा. रंगच वाईट असता तर तो वरूनही निघाला असता. त्यामुळे डब्याला दोष देण्याआधी भिंत तपासू.

(जवळून: एक फुगलेला भाग, त्यावर ब्लेडची चीर)

फुगा कापला आणि आतून पाणी ओघळलं. पाऊस थांबून बरेच दिवस झालेत, म्हणजे हे पाणी भिंतीच्या आतलं आहे. विटेत आणि गिलाव्यात केसाहून बारीक छिद्रांचं जाळं असतं. जमिनीतली ओल त्यातून वर चढत जाते, आणि जितकी चढते तितकीच वाफ होऊन निघून जायला लागली की थांबते. बहुतेक वेळा ती मीटरभराच्या आसपास थांबते. म्हणूनच खराब झालेल्या भागाची वरची कड साधारण आडवी दिसते. गळक्या पाइपाची ओल अशी रेघ धरत नाही. ती गळतीपाशी सर्वांत जास्त असते.

आता रंगाकडे येऊ. बाहेरच्या भिंतीचा नेहमीचा ॲक्रिलिक इमल्शन वाळला की प्लास्टिकची पातळ कातडी होते. पावसाचं पाणी ती अडवते, थोडी वाफ बाहेर जाऊ देते. भिंत कोरडी असेल तर एवढं पुरतं. पण भिंत ओली असली आणि तिच्यावर ऊन आलं की चित्र बदलतं. २० अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे २.३ किलोपास्कल असतो; ५० अंशाला तो १२ च्या वर जातो. म्हणजे पाचपट. त्याच उन्हाने रंगाची कातडी मऊ पडते, आणि ओलीमुळे तिची पकड आधीच सुटलेली असते. मग ती फुगणारच.

(पोपडा उलटा करून तळहातावर)

पोपडा निघाला की लोक तो झाडून टाकतात. आम्ही म्हणू, आधी उलटा करून पाहा. मागची बाजू स्वच्छ असेल तर रंगाची किंवा प्रायमरची पकड सुटली आहे. इथे मात्र मागे गिलाव्याची वाळू चिकटून आली आहे आणि तिच्यात पांढरी भुकटी आहे. म्हणजे रंग चिकटलेलाच होता, त्याच्याखालचा गिलावा फुटला. हे लोणा लागल्याचं काम, म्हणजे भिंतीत क्षार साचल्याचं. जमिनीतले, विटांतले क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि पाणी उडालं की स्फटिक होऊन मागे राहतात. भिंतीच्या पृष्ठभागावर जमले तर नुसते कुरूप दिसतात. रंगामागच्या छिद्रांत जमले तर आतून रेटतात. कोरडं सोडियम सल्फेट पाणी शोषून घेतं तेव्हा त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं.

याच भिंतीवर मागच्या खेपेला खालच्या पट्ट्यात जाड, रबरासारखा ‘वॉटरप्रूफ’ थर दिला होता. झालं काय, तर खालून वाफ निघायची वाट बंद झाली आणि ओल त्या थराच्या वर सरकली. आधी गुडघ्याएवढं असलेलं नुकसान आता कमरेपर्यंत आलं आहे.

रंगातून वाफ किती सुटते हे मोजता येतं. रंगाच्या थराइतकाच अडथळा करायला स्थिर हवेचा किती जाड थर लागेल, तो आकडा पाहायचा. ईएन १०६२ या युरोपीय मानकानुसार ०.१४ मीटरच्या आतला रंग वाफेला मोकळा, १.४ मीटरच्या वरचा जवळपास बंद. चुन्याची सफेदी आणि सिलिकेट रंग मोकळ्या गटात येतात. सिलिकेट रंगाचं पेटंट ॲडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये जर्मनीत घेतलं. हा रंग कातडी धरत नाही, गिलाव्याशी रासायनिक रीतीने जोडला जातो. त्यामुळेच जुन्या इमल्शनवर तो चालत नाही. आधी सगळं खरवडावं लागतं.

पण मोकळा रंगही ओल थांबवत नाही, तो फक्त तिला वाट देतो. म्हणून काम जमिनीपासून सुरू होतं. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून बांधतानाच जोत्यात घातलेला ओलरोधक थर असतो; जोत्यावर चढलेली माती त्याच्या खाली उतरवायची. लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर अर्धा मीटरपर्यंत काढायचा, विटांचे सांधे कोरायचे आणि भिंत वाळू द्यायची. जाडीच्या दर इंचाला एक महिना, असा जुना ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीला मोठा धीर लागतो. भिंत वाळत असताना विटांवर पुन्हा पुन्हा पांढरा क्षार येईल. तो कोरड्या ब्रशनेच झाडायचा. पाण्याने धुतला तर विरघळून परत विटेत शिरतो.