सुई एकच वाटते, पण रिपोर्ट वेगळा का येतो?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये डॉक्टर आहे, म्हणजे तुमच्या गाठीतून काढलेला नमुना मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहिणारी. आज एका प्रश्नावर बोलायचंय, जो आमच्या काउंटरवर जवळजवळ रोज येतो: एफएनएसी म्हणजे बारीक सुईची तपासणी झाली, रिपोर्टमध्ये कॅन्सर आला, मग आता डॉक्टर परत बायॉप्सी कशाला सांगतात?

ऐरोलीच्या एक ताई होत्या, वय सेहेचाळीस, डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ. जवळच्या लॅबमध्ये एफएनएसी केली, त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या. सर्जननी कोअर बायॉप्सी लिहून दिली तेव्हा त्यांचा मुलगा वैतागून आला, म्हणाला मॅडम, निदान झालंय ना, मग पुन्हा सुई टोचून पैसे कशाला घेताय? तसं वाटणं साहजिक आहे, आणि त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

एफएनएसीची सुई इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक असते, ती गाठीत मागेपुढे फिरवून सुट्या पेशी ओढून घेतात, काचेवर पसरतात आणि रंग देऊन बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. कोअर बायॉप्सीची सुई जाड असते, स्तनासाठी साधारण चौदा गेजची. आधी भूल देतात, त्वचेवर दोन-तीन मिलिमीटरचा छेद, सोनोग्राफीत बघत बघत सुई गाठीपर्यंत नेतात आणि स्प्रिंगची गन दाबली की खट्ट असा आवाज होतो. त्या आवाजाने माणूस दचकतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. असे चार-पाच तुकडे घेतात, शेवयांसारखे पातळ. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी डॉक्टरांना नक्की सांगा, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका.

फरक काय पडतो ते डाळिंबावरून कळेल. एफएनएसीत सुटे दाणे हातात येतात, कोअरमध्ये दाणे आणि त्यांच्यामधला पडदा दोन्ही असलेली फोड मिळते. स्तनात कॅन्सर दुधाच्या नळीच्या आतच आहे का नळीची भिंत फोडून बाहेर पडलाय हे ठरवायला तो पडदाच बघावा लागतो, आणि सुट्या पेशी कितीही नीट बघितल्या तरी ते खात्रीने सांगता येत नाही. आतच असलेल्या आणि बाहेर पडलेल्या कॅन्सरची ट्रीटमेंट सारखी नसते.

दुसरं म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू या कॅन्सरच्या पेशींमधल्या प्रथिनांच्या टेस्ट. गोळ्यांची हार्मोन ट्रीटमेंट चालेल का, हर-टूवरची इंजेक्शनं लागतील का, आधी केमो का आधी ऑपरेशन, हे बरंचसं यावर ठरतं. या टेस्ट तुकड्यावर जास्त भरवशाने होतात, पण तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, गेला पाहिजे आणि त्यात किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर तास राहिला पाहिजे. शनिवारी काढलेला नमुना सलाइनमध्ये तसाच पडून राहिला तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो, म्हणून बाटली तुमच्याच हातात दिली असेल तर आत फॉर्मॅलिन आहे ना विचारा आणि ती त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा.

ताईंच्या कोअरमध्ये नळीबाहेर पसरलेला कॅन्सर निघाला, ईआर पीआर पॉझिटिव्ह, आणि हर-टू दोन प्लस, म्हणजे धड हो नाही आणि नाहीही नाही, त्यासाठी फिश नावाची आणखी एक टेस्ट लागली. तुकडा आम्ही मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून ठेवतो, ती त्याच ब्लॉकमधून झाली, परत टोचावं लागलं नाही.

पण एफएनएसी कमी दर्जाची असं समजू नका. त्यांच्याच काखेत एक गाठ होती, तिथे प्रश्न एवढाच होता की कॅन्सर तिथवर पोचलाय का, आणि त्याचं उत्तर बारीक सुईनेच मिळालं. थायरॉइडच्या गाठीलाही बहुतेक वेळा आधी एफएनएसीच करतात.

एक गोष्ट मात्र मी फार कळकळीने सांगते. गाठ हाताला कडक लागतेय, मॅमोग्राफीत संशय आहे आणि एफएनएसी निगेटिव्ह आली, तर घरी जाऊन पेढे वाटू नका. सुई गाठीच्या बाजूने गेलेली असू शकते, पेशी पुरेशा आलेल्या नसू शकतात. कोअरसुद्धा कधीकधी चुकते. तिन्ही गोष्टी जुळत नसतील तर "मग आता पुन्हा नमुना घ्यायचा का?" असं डॉक्टरांना सरळ विचारा.

आणि सुईने कॅन्सर पसरतो या भीतीने कोणी थांबलं असेल, तर स्तनाच्या गाठीत ती भीती धरून उशीर करण्यात जास्त नुकसान आहे. खारघरला किंवा परळला टाटामध्ये दाखवायला जाणार असाल तर नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका, आमच्याकडून काचेच्या स्लाइड्स आणि तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या, तिथले डॉक्टर ते स्वतः परत बघतात.