दोन पाकिटांचं कोडं: बदलण्यातला फायदा येतो कुठून?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आधी कोडं नीट मांडून घेऊ, कारण सगळी गफलत मांडणीतच दडलेली आहे. टेबलावर दोन पाकिटं आहेत. बाहेरून अगदी सारखी. एकात काही रक्कम आहे, दुसऱ्यात तिच्या दुप्पट. तुम्ही त्यातलं एक उचललंत. आता विचारलं जातं, हेच ठेवणार की दुसरं घेणार?

बदलावं असं सांगणारा युक्तिवाद असा चालतो. माझ्या पाकिटातल्या रकमेला र म्हणू. दुसऱ्यात एकतर २र असेल, नाहीतर र/२. पाकीट मी डोळे मिटून उचललंय, म्हणजे दोन्हींची शक्यता निम्मी निम्मी. मग दुसऱ्या पाकिटाचं अपेक्षित मूल्य, म्हणजे सरासरी, झालं २र चा अर्धा अधिक र/२ चा अर्धा, म्हणजे ५/४ र. हातातल्यापेक्षा पाव हिश्शानं जास्त. म्हणून बदलावं. पण बदलल्यावर नव्या पाकिटाला हाच युक्तिवाद लागू होतो आणि तो सांगतो, परत पहिलं घ्या. दोन्ही पाकिटं एकमेकांपेक्षा सरस ठरतात, आणि हे शक्य नाही.

बेल्जियन गणितज्ञ मॉरिस क्रायचिक यांचं नेकटायचं कोडं याच घराण्यातलं. दोघांपैकी ज्याचा टाय भारी, त्यानं तो दुसऱ्याला द्यायचा. दोघंही म्हणतात, हरलो तर माझा टाय जाईल, पण जिंकलो तर त्याहून भारी मिळेल, तेव्हा खेळ माझ्याच फायद्याचा.

आता माझा पहिला आग्रह. ५/४ हे उत्तर चुकीचं आहे असं पटकन म्हणू नका. ते बरोबर आहे, फक्त वेगळ्या खेळाचं आहे. तो खेळ असा: आयोजक पहिल्या पाकिटात ४० ठेवतो. मग नाणं उडवतो. छाप आला तर दुसऱ्या पाकिटात ८०, काटा आला तर २०. आणि पहिलं पाकीट तुमच्या हातात देतो. इथे दुसऱ्या पाकिटाची सरासरी खरोखरच ५० आहे आणि बदलणंच योग्य आहे. पण इथे पाकिटं सारखी नाहीत. एक आधी भरलंय, दुसरं त्याच्यावरून बेतलंय, आणि तुमच्याकडे कोणतं आहे हे ठाऊक आहे. दुसरं पाकीट ज्याच्याकडे आहे त्यानं बदलू नये, आणि त्यात विरोधाभास काहीच नाही. आपल्या कोड्यात मात्र आधी जोडी ठरते, मग त्या जोडीतलं एक पाकीट यदृच्छया उचललं जातं. नाणं रकमेसाठी उडत नाही, उचलण्यासाठी उडतं.

हा फरक किती मोलाचा आहे ते एका छोट्या उदाहरणात हातानं मोजून पाहू. समजा, आयोजकाकडे चारच जोड्या आहेत: १०–२०, २०–४०, ४०–८० आणि ८०–१६०. चारपैकी कोणतीही जोडी सारख्याच शक्यतेनं निघते, आणि त्यातलं कोणतंही पाकीट तुमच्याकडे येऊ शकतं. म्हणजे सारख्या वजनाच्या आठ शक्यता. आठ चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर दोन आकडे लिहा, हातातली रक्कम आणि दुसरी रक्कम. मग हातातल्या रकमेप्रमाणे त्यांचे गठ्ठे लावा. सशर्त संभाव्यता म्हणजे दुसरं काही नाही: एक गठ्ठा उचलायचा, बाकीचे बाजूला ठेवायचे आणि त्या गठ्ठ्यापुरतंच मोजायचं.

हातात १० असलेली चिठ्ठी एकच, आणि तिच्यावर दुसरी रक्कम २०. बदललं तर १० चा फायदा, तोही नक्की. हातात २० असलेल्या चिठ्ठ्या दोन: एकीवर दुसरी रक्कम १०, दुसरीवर ४०. सरासरी २५. बघा, इथे ५/४ चा हिशेब तंतोतंत लागू पडतो. ४० च्या गठ्ठ्यातही दोन चिठ्ठ्या, २० आणि ८०, सरासरी ५०. ८० च्या गठ्ठ्यात ४० आणि १६०, सरासरी १००. इथपर्यंत प्रत्येक गठ्ठा बदला असंच सांगतोय. उरला १६० चा. त्यात चिठ्ठी एकच, आणि तिच्यावर दुसरी रक्कम ८०. बदललं तर ८० चं नुकसान, नक्की.

आता आठही चिठ्ठ्यांची बेरीज करू. १० च्या चिठ्ठीवर फायदा १०. २० च्या दोन चिठ्ठ्यांवर प्रत्येकी सरासरी ५, म्हणजे १०. ४० च्या दोन चिठ्ठ्यांवर २०. ८० च्या दोन चिठ्ठ्यांवर ४०. एकूण फायदा ८०. आणि १६० च्या एकट्या चिठ्ठीवर तोटा ८०. बाकी शून्य. न बघता बदललं तर सरासरीत काहीच हाती लागत नाही, हेच सामान्य बुद्धीही सांगत होती.

मूळ युक्तिवाद कुठे घसरला ते इथे स्पष्ट दिसतं. २० हातात असताना निम्मी निम्मी शक्यता खरी आहे. १० हातात असताना ती खोटी आहे, आणि १६० हातात असताना तर पार उलटी आहे. पाकीट यदृच्छया उचललं यावरून एवढंच निघतं की, सगळ्या गठ्ठ्यांची मिळून सरासरी घेतली तर हातातलं पाकीट लहान असण्याची शक्यता अर्धी. प्रत्येक गठ्ठ्यात ती अर्धीच राहील असं त्यातून निघत नाही. मोठा आकडा दिसला की हातातलं पाकीट मोठं असण्याकडे पारडं झुकतं. र हे एकच अक्षर सगळीकडे वापरल्यामुळे हा फरक नजरेआड होतो.

पाकीट उघडून बघायची मुभा असेल तर याच हिशेबाचा उपयोग करता येतो. या उदाहरणात १६० दिसले तर ठेवा, इतर काहीही दिसलं तर बदला. न बदलता सरासरी ५६.२५ मिळते, या नियमानं ६६.२५. हा फायदा बदलण्यातून आलेला नाही, आकडा बघून निर्णय घेण्यातून आला आहे. सर्वसाधारण नियमही यातूनच मिळतो. लहान रक्कम र असण्याची शक्यता आणि लहान रक्कम र/२ असण्याची शक्यता यांची तुलना करायची. पहिलीची दुप्पट दुसरीपेक्षा जास्त भरली, तरच बदलायचं. एक सावधगिरी मात्र पाळा. हा नियम सुट्या रकमांसाठी आहे. रक्कम सलग पट्ट्यातली कोणतीही असू शकत असेल, तर दुप्पट करताना पट्टाही ताणला जातो आणि घनता, म्हणजे पट्ट्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या वाट्याला येणारी शक्यता, निम्मी होते. लहान रक्कम ० ते १०० मध्ये एकसारखी पसरलेली असेल आणि हातात ६० दिसले, तर ती लहान असण्याची शक्यता अर्धी नसून २/३ असते. हा निम्मा विसरल्यामुळे चुकलेली उत्तरं फार दिसतात.

आता एक प्रश्न उरतो. कोणतीही रक्कम दिसली तरी शक्यता निम्मीच राहील, अशा जोड्या कुणी रचू शकेल का? त्यासाठी १०–२०, २०–४०, ४०–८० अशा पुढे आणि मागेही न संपणाऱ्या साखळीतल्या प्रत्येक जोडीला सारखंच वजन द्यावं लागेल. अनंत जोड्या, प्रत्येकीचं वजन तेवढंच. ते वजन शून्य धरलं तर बेरीज शून्य, शून्यापेक्षा थोडंही जास्त धरलं तर बेरीज अनंत. शक्यतांची बेरीज तर १ यायला हवी. म्हणजे असं वाटप अस्तित्वातच नाही.

बरेच लोक इथे थांबतात. मला वाटतं, कोड्याचा सर्वात सुंदर भाग इथून पुढे आहे. कारण निम्मी शक्यता नसतानाही प्रत्येक गठ्ठ्यानं बदला म्हणावं, असं वाटप बनवता येतं. तत्त्वज्ञ जॉन ब्रूम यांनी १९९५ मध्ये असं एक उदाहरण दिलं. जोड्या १–२, २–४, ४–८ आणि पुढे अनंतापर्यंत. पहिल्या जोडीची शक्यता १/३, आणि पुढची प्रत्येक मागचीच्या २/३ पट: २/९, ४/२७, असं. यांची बेरीज बरोबर १ येते, म्हणजे वाटप निर्दोष आहे. हातात १ असेल तर दुसऱ्यात नक्की २. त्याहून मोठी कोणतीही रक्कम असेल तर ती लहान असण्याची शक्यता २/५, मोठी असण्याची ३/५. दुसऱ्या पाकिटाची सरासरी: २/५ गुणिले २र अधिक ३/५ गुणिले र/२, म्हणजे १.१र. कोणताही आकडा दिसो, बदलणं निदान दहा टक्क्यांनी सरस!

इथे सशर्त हिशेबात एकही चूक नाही. मग अडतंय कुठे? पुन्हा चिठ्ठ्यांकडे जाऊ. साखळी तिसऱ्या जोडीवर तोडू. वजनं ९, ६ आणि ४ अशी येतात, आणि प्रत्येक जोडीच्या दोन बाजू, म्हणून एकूण ३८ चिठ्ठ्या. १ च्या नऊ चिठ्ठ्यांवर फायदा ९. २ च्या पंधरा: नऊंवर एकेक जातो, सहांवर दोन दोन मिळतात, निव्वळ फायदा ३. ४ च्या दहा: सहांवर दोन दोन जातात, चारांवर चार चार मिळतात, निव्वळ ४. एकूण १६. आणि ८ च्या चार चिठ्ठ्यांवर चार चार जातात: १६ चा तोटा. बाकी पुन्हा शून्य. चौथी जोडी जोडा: ८ चा गठ्ठाही फायद्यात येतो, आणि त्याहून मोठा तोटा १६ च्या गठ्ठ्यावर सरकतो. साखळी कुठेही तोडा, शेवटचा गठ्ठा मागचा सगळा फायदा फेडतो. ब्रूमच्या खेळात शेवटचा गठ्ठाच नाही, म्हणून ते देणं कायम पुढच्या गठ्ठ्यावर ढकललं जातं.

प्रत्येक गठ्ठ्यात फायदा, म्हणून एकूणही फायदा, ही पायरी चढायला एकूण सरासरी मर्यादित असावी लागते. इथे ती नाही. लहान रकमेची सरासरी काढू: १ गुणिले १/३, २ गुणिले २/९, ४ गुणिले ४/२७. प्रत्येक पद मागच्याच्या ४/३ पट, बेरीज अनंत. हातातल्या पाकिटाची सरासरी अनंत, दुसऱ्याचीही अनंत, आणि अनंतातून अनंत वजा करून कोणतं पाकीट सरस हे ठरत नाही. उलट सरासरी मर्यादित असेल, तर प्रत्येक गठ्ठा बदला म्हणू शकतच नाही. आठ चिठ्ठ्यांत १६० नं केलं ते काम कुठल्या ना कुठल्या गठ्ठ्याला करावंच लागतं. कुणी तुम्हाला नेहमी बदलाच असं सांगणारं वाटप दाखवलं, तर आधी त्यातल्या रकमेची सरासरी काढा. ती मर्यादित आली, तर तोट्याचा गठ्ठा शोधायचा राहिलाय.