पुठ्ठ्याचा भाव उतरला की तो नेमका कुणाच्या अंगावर पडतो

नमस्कार. मी गेली काही वर्षं पुण्यात एका भंगाराच्या दुकानाचे हिशोब बघतेय, त्यामुळे आज फक्त पुठ्ठ्यावरच बोलणार आहे, प्लास्टिक आणि धातू ओघात येतील.

आमच्याकडे कचरावेचक बाई विचारते, "ताई, काल बारा होता, आज आठ कसा?" तिला वाटतं शेठने भाव पाडला. कधीकधी पाडतोही, पण बहुतेक वेळा शेठच्याही हातात काही नसतं. पुठ्ठा शेवटी जातो क्राफ्ट पेपरच्या मिलला, वापीसारख्या ठिकाणी, तिथे त्याचा लगदा करून परत खोक्याचा कागद बनवतात. आपला देशी पुठ्ठा आधीच दोनतीनदा रिसायकल झालेला असतो, प्रत्येक वेळी त्याचे तंतू आखूड होतात, म्हणून खोकं मजबूत व्हायला मिलवाले त्यात अमेरिका-युरोपातून आलेला पुठ्ठा मिसळतात. म्हणजे परदेशी माल महाग झाला की देशी पुठ्ठ्याला मागणी, स्वस्त झाला की आपला पडून.

आता चीन बघा. २०१८ पासून त्यांनी मिक्स रद्दी आणि बरंचसं प्लास्टिक घ्यायचं बंद केलं, आणि जो पुठ्ठा घेत होते त्यात अर्धा टक्क्यापेक्षा जास्त घाण चालणार नाही म्हणाले. जगभर माल तुंबला, त्यातला बराच भारताकडे वळला. मग १ जानेवारी २०२१ पासून चीनने रद्दी-पुठ्ठ्याची आयात पूर्णच थांबवली, पण त्यांच्या मिलना कागद तर लागणारच ना, म्हणून ते तयार क्राफ्टचे रोल बाहेरून घ्यायला लागले, भारतातूनसुद्धा. त्यात कोविडमुळे कंटेनर मिळेनात, मिळाले तर भाडं कितीतरी पट, आणि ऑनलाइन ऑर्डरींमुळे खोक्यांची मागणी वाढलेली. पुठ्ठ्याचा भाव चढला. पुढे २०२२ मध्ये ती मागणी ओसरली आणि भाव खाली आला.

पण मला सांगायचंय ते पुढचं. समजा मिल किलोला १८ रुपये देते. मधे गाठी बांधायला दीड, ट्रकला अडीच, दुकानदार आणि मोठा व्यापारी मिळून दोन, असे सहा जातात, बाईला १२ मिळतात. आता मिलने भाव १४ केला. ट्रकवाला भाडं कमी करत नाही, गाठीचा मजूरही नाही, ते सहा तसेच राहतात, म्हणून बाईला आठ. मिलचा भाव २२ टक्के उतरला, बाईचा ३३ टक्के! रोज ४० किलो आणणारीचे ४८० चे ३२० झाले, तेवढंच ओझं, तेवढीच पायपीट. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण गणित हेच आहे.

आणि पावसाळ्यात "काट" येते. ओला पुठ्ठा वजनाला जास्त भरतो, मिल ओलावा मोजून वजन कापते, दुकानदार मात्र हाताने चाचपून अंदाजाने कापतो आणि तोट्यात जायचं नाही म्हणून जरा जास्तच कापतो. गठ्ठा वरून कोरडा, आतून ओला असतो, म्हणून मी बायकांना सांगते की मधला तुकडा काढून त्याच्यासमोर दाखवा, मग वाद कमी होतो.

मग भाव पडल्यावर माल साठवायचा का? पुठ्ठ्याला जागा लागते, तो भिजतो, पेट घेतो, आणि ज्या बाईने दुकानदाराकडून उचल घेतलीय तिला तर थांबताच येत नाही, माल त्यालाच द्यावा लागतो, भाव तो म्हणेल तो. तांब्याचं उलट आहे, त्याचा भाव लंडनच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो, पण किलोची किंमत इतकी जास्त की ट्रकचं भाडं त्यात जाणवतही नाही, आणि चार किलो तार एका डब्यात मावते. म्हणून बायका तांबं, पितळ बाजूला ठेवतात, मुलांच्या फीच्या वेळी काढतात. जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियमही थोडंफार ठेवतात. प्लास्टिकच्या बाटल्यांचं तसं होत नाही, हलक्या, पोतंभर जागा खातात, आणि कच्चं तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिकच स्वस्त पडतं, मग जुनं कोण घेणार.

भाव पडला की बायका आधी वर्गवारी वाढवतात. मिक्स रद्दीतून पांढरा ऑफिसचा कागद वेगळा काढला, बाटल्यांची झाकणं वेगळी केली, की तेवढ्याच वजनाला चार पैसे जास्त. पण त्यात संध्याकाळचे दोन तास जातात आणि त्या तासांचा हिशोब कुणीच धरत नाही, मला याचा खरंच त्रास होतो.

दुसरं म्हणजे घरांकडून मिळणारी महिन्याची फी. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ ची, तिच्यातून पुढे स्वच्छ सहकारी संस्था झाली, तिथे दारोदार कचरा घेणाऱ्या सभासदांना घरटी फी मिळते आणि भंगार विकायचा हक्कही त्यांचाच. भंगार उतरलं तरी फी तेवढीच राहते. म्हणून कुणी सोसायटीत म्हणालं की "भंगार मिळतंय ना, मग फी कशाला?", तर त्यांना ते ४८० आणि ३२० चं गणित कागदावर मांडून दाखवा.