आत्याचा फोन आणि चार व्हायरस

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस शिरला आहे’ असे बजावणाऱ्या खोट्या पानांचा. तो मला माझ्या साताऱ्याच्या आत्याने शिकवला, म्हणून तिचीच हकीकत आधी सांगतो.

संकष्टीचा दिवस होता. चंद्रोदय किती वाजता आहे हे पाहण्यासाठी आत्या मोबाईलवर शोधत असताना एका संकेतस्थळावर तिचे बोट चुकून जाहिरातीवर पडले आणि लालभडक पान उघडले. वर तिच्या फोनच्या मॉडेलचे नाव होते, खाली ‘4 व्हायरस सापडले असून बॅटरी 28.1% खराब झाली आहे’ असे वाक्य, आणि त्याखाली दोन मिनिटांपासून उलटे मोजणारे घड्याळ. पानाला बोट लावताच फोन थरथरू लागला. घाबरून आत्याने समोर येईल त्या प्रत्येक बटणावर होकार दिला, पानाने सुचवलेले ‘क्लीनर’ उतरवून घेतले, आणि मग आतोबांच्या फोनला लागण होऊ नये म्हणून आपला फोन टॉवेलात गुंडाळून गॅलरीत ठेवला. ‘अरे, तू लगेच ये, पण तुझा फोन लांब ठेव,’ हा तिचा निरोप मला आतोबांच्या फोनवरून आला.

मी तिच्यासमोर एवढेच केले, की तिच्या फोनमधून त्या पानाचा पत्ता शोधला आणि तो माझ्या फोनवर उघडला. माझा फोन वेगळ्या कंपनीचा आणि महिनाभरापूर्वी घेतलेला. तरी त्यातही नेमके 4 व्हायरस निघाले आणि बॅटरी नेमकी 28.1% खराब! बदलले होते ते फक्त मॉडेलचे नाव. घड्याळ शून्यावर येईपर्यंत आम्ही दोघे पाहत बसलो. काहीही झाले नाही. पान पुन्हा उघडले, तर घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर.

श्रोतेहो, यातली मेख अशी की तपासणी झालेलीच नसते. आकडे पानात आधीच लिहिलेले असतात. फोनचे मॉडेल ब्राउझरच संकेतस्थळाला कळवू शकतो, आपण कोणत्या शहरात आहोत याचा अंदाज इंटरनेट जोडणीवरून येतो, आणि अँड्रॉइड फोन थरथरवण्याची सोय क्रोम ब्राउझर साध्या पानालाही देतो. मात्र फोनमधली इतर ॲप्स उघडून पाहण्याची मुभा कोणत्याही पानाला नसते. पुन्हा सांगतो: वेबपान तुमच्या फोनमधला व्हायरस शोधू शकत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? ॲप उतरवले गेले, की पाठवणाऱ्याला प्रत्येक फोनमागे दलाली मिळते. त्यामुळे कधी कधी बटण दाबल्यावर खरेखुरे प्ले स्टोअर उघडते. पण तेवढ्याने आधीचे पान खरे ठरत नाही. (जुना फोन आईवडिलांच्या हाती देताना चार्जर आठवणीने देणारी आपली मुले ही एवढी गोष्ट सांगायला मात्र विसरतात, ही माझी जुनी तक्रार आहे.)

असे पान आले, तर त्यावर काहीही न दाबता तो टॅबच बंद करावा. मागे जाण्याचे बटण दाबल्यावर पुष्कळदा तेच पान परत येते, म्हणून टॅब बंद करणे बरे.

आत्याच्या फोनमध्ये दोन गोष्टी उरल्या होत्या. पहिली ते क्लीनर, जे इतर ॲप्सवर दिसण्याची परवानगी घेऊन कॉल चालू असतानाही जाहिराती दाखवत होते. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून ते काढले. ‘अनइन्स्टॉल’ हे बटण फिकट दिसत असेल, तर ॲपने घेतलेला ‘डिव्हाइस ॲडमिन’चा अधिकार आधी काढावा लागतो. त्यानंतर प्ले स्टोअरमधल्या ‘प्ले प्रोटेक्ट’ने तपासणी केली. खरी तपासणी ती.

दुसरी गोष्ट सहसा राहून जाते. होकार देण्याच्या नादात आत्याने त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगीही दिली होती, त्यामुळे ॲप काढल्यावरही ‘व्हायरस!’ असे इशारे येतच राहिले. अशा इशाऱ्यावर क्रोमचे नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता बारीक अक्षरांत असतो. ती त्याची खूण. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’, आणि तिथे तो पत्ता बंद केला, की इशारे थांबतात.

एवढ्यावर सगळे मिटत नाही, अशीही एक स्थिती आहे. प्ले स्टोअरबाहेरून फाइल उतरवून ॲप बसवले असेल आणि त्याला ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी दिली असेल, तर ते ॲप पडद्यावरचे वाचू शकते. तेव्हा इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि फोटो सुरक्षित ठेवून फोन फॅक्टरी रीसेट करावा. पैसे गेलेच, तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

आत्याच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. संध्याकाळी तिने टॉवेल धुवायला टाकला, रात्री गॅलरीतूनच चंद्र पाहिला आणि उपास सोडला. चंद्रोदयाची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली होतीच.