दोन गाड्या, तीन स्प्रिंगा: लक्ष मधल्या स्प्रिंगकडे

[दृश्य: प्रयोगशाळेतला एअर ट्रॅक, बाजूने. ब्लोअरचा आवाज हळूहळू कमी होतो.]

या पोकळ पट्टीला बारीक भोकं आहेत आणि त्यांतून सतत हवा बाहेर पडते आहे. त्या हवेच्या पातळ थरावर दोन गाड्या तरंगताहेत, त्यामुळे घर्षण जवळजवळ नाहीच. प्रत्येक गाडीचं वस्तुमान २५० ग्रॅम. डाव्या खांबापासून पहिल्या गाडीपर्यंत एक स्प्रिंग, दोन गाड्यांच्या मध्ये दुसरी, आणि दुसऱ्या गाडीपासून उजव्या खांबापर्यंत तिसरी. तिन्ही स्प्रिंगा सारख्या, बलस्थिरांक ४ न्यूटन प्रति मीटर.

[दृश्य: डावी गाडी ४ सेंटिमीटर उजवीकडे सरकवून धरली आहे, उजवी जागेवर. दोन्ही एकदम सोडल्या जातात. खाली दोन्हींचे आलेख उमटत जातात.]

डावी गाडी बाजूला नेली, उजवी जागेवरच धरली, आणि दोन्ही सोडल्या. आता आलेख बघा. एक शिखर उंच, पुढचं बुटकं, मध्येच एक खांदा. दोलन आहे हे दिसतं, पण घड्याळ लावून आवर्तकाल मोजायला गेलात तर कुठून कुठपर्यंत मोजायचं हेच ठरत नाही.

मग प्रश्न असा: या दोन गाड्यांना अशी एखादी सुरुवात देता येईल का, की दोन्ही एकाच वारंवारतेने, साध्या कोसाइनच्या तालात डोलत राहतील? अशा गतीला नॉर्मल मोड म्हणतात. तो शोधण्यासाठी आधी बलं मांडू.

[दृश्य: आकृती. दोन्ही गाड्यांच्या संतुलन स्थितीवर तुटक रेषा, उजवीकडे बाण x₁ आणि x₂.]

प्रत्येक गाडीचं विस्थापन तिच्या स्वतःच्या संतुलन स्थितीपासून मोजायचं, आणि दोन्हींसाठी उजवी दिशा धन धरायची. पहिली गाडी x₁ ने उजवीकडे गेली की डावी स्प्रिंग ताणली जाते आणि तिला मागे ओढते, −k x₁ इतक्या बलाने. मधल्या स्प्रिंगची लांबी किती वाढली? तिचं उजवं टोक x₂ ने सरकलं, डावं x₁ ने, म्हणजे वाढ x₂ − x₁. ती पहिल्या गाडीला उजवीकडे ओढते आणि दुसरीला तितक्याच बलाने डावीकडे.

[पडद्यावर:]
m x₁″ = −2k x₁ + k x₂
m x₂″ = k x₁ − 2k x₂

वहीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथल्या चिन्हांत. त्या पकडायला एक सोपी कसोटी आहे. x₁ आणि x₂ समान ठेवा. दोन्ही गाड्या सारख्याच सरकल्या, तर मधली स्प्रिंग ना ताणली जाते ना दबते, म्हणून तिचं बल समीकरणातून नाहीसं व्हायला हवं आणि प्रत्येक गाडीवर फक्त −k x उरायला हवं. इथे −2k आणि +k मिळून −k होतात. जमलं. तुमच्या समीकरणात −3k किंवा +k आलं, तर मधल्या स्प्रिंगच्या एखाद्या पदाचं चिन्ह उलटं पडलंय.

आता अट घालू: दोन्ही गाड्यांची वारंवारता एकच.

[पडद्यावर:]
x₁ = A cos ωt,  x₂ = B cos ωt
(2k − mω²) A = k B
(2k − mω²) B = k A

इथे अज्ञात काय आहे हे नीट ओळखलं पाहिजे. A आणि B स्वतंत्रपणे आपल्याला मिळणार नाहीत, कारण गाड्या किती लांब खेचायच्या हे आपल्या हातात आहे. शोधायचं आहे ω, आणि B ला A ने भागून येणारं गुणोत्तर. A आणि B दोन्ही शून्य हे उत्तर तर नेहमीच चालतं, पण त्यात गाड्या नुसत्या उभ्या आहेत. हलणारं उत्तर हवं असेल तर सहगुणकांचा निश्चयक शून्य व्हायला हवा. दहावीत क्रेमरच्या पद्धतीत मांडला होता, तोच हा निश्चयक.

[पडद्यावर:]
(2k − mω²)² − k² = 0
2k − mω² = ± k

वर्गमूळ घेताना दोन्ही चिन्हं ठेवा. घाईत फक्त धन चिन्ह लिहिलं की एक मोड हातचा जातो. एका रेषेत हलणाऱ्या दोन गाड्या आहेत, तेव्हा मोडही दोनच निघायला हवेत.

धन चिन्हातून ω² = k/m येतं, म्हणजे ω = ४ रेडियन प्रति सेकंद, आवर्तकाल १.५७ सेकंद. ऋण चिन्हातून ω² = 3k/m, म्हणजे ω = ६.९३ रेडियन प्रति सेकंद, आवर्तकाल ०.९१ सेकंद. ही मूल्यं मागच्या समीकरणात परत घातली की पहिल्यासाठी B = A मिळतं आणि दुसऱ्यासाठी B = −A.

बीजगणित इथे संपतं, पण हे k आणि 3k आले कुठून, ते मधल्या स्प्रिंगकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

[दृश्य: दोन्ही गाड्या ३ सेंटिमीटर उजवीकडे नेऊन सोडल्या जातात. मधल्या स्प्रिंगचा जवळून शॉट.]

पहिला मोड. दोन्ही गाड्या एकाच बाजूला, सारख्याच अंतराने. दोघी मिळून उजवीकडे जातात, मिळून डावीकडे येतात. मधली स्प्रिंग त्यांच्याबरोबर इकडून तिकडे जाते, पण तिची लांबी तसूभरही बदलत नाही. ती कात्रीने कापून टाकली असती तरी या गतीत काही फरक पडला नसता. प्रत्येक गाडीला फक्त आपापल्या बाहेरच्या स्प्रिंगचं ओढणं जाणवतं, म्हणून ω² मध्ये एकच k.

[दृश्य: एक गाडी डावीकडे, दुसरी उजवीकडे, तितक्याच अंतरावर. मधल्या स्प्रिंगच्या बरोबर मध्यावर लाल दोऱ्याची गाठ.]

दुसरा मोड. गाड्या एकमेकींपासून दूर जातात, मग एकमेकींकडे येतात. मधल्या स्प्रिंगच्या मध्यावर बांधलेला लाल दोरा बघा. स्प्रिंग दोन्हीकडे ताणली जाते, दबते, आणि दोरा जागचा हलत नाही. जो बिंदू हलतच नाही तिथे एक भिंत आहे असं समजायला हरकत नाही. म्हणजे प्रत्येक गाडीच्या वाट्याला मधल्या स्प्रिंगचा अर्धा तुकडा येतो. स्प्रिंग अर्धी कापली की ती दुप्पट ताठ होते, कारण तेवढ्याच बलाने आता निम्मी वेटोळीच ताणायची असतात. तर बाहेरच्या स्प्रिंगचा k, अर्ध्या स्प्रिंगचा 2k, मिळून 3k.

शुद्ध मोड सुरू झालाय की नाही, हेही हीच स्प्रिंग सांगते. पहिल्या मोडमध्ये तिची लांबी कमीजास्त होताना दिसली, किंवा दुसऱ्या मोडमध्ये लाल दोरा डुलायला लागला, तर समजा एका हाताचं बोट आधी सुटलं आणि त्यात उरलेला मोड थोडासा मिसळला.

[दृश्य: सुरुवातीचा वेडावाकडा आलेख परत. त्याच्या मागे दोन वेगवेगळ्या रंगांत दोन शुद्ध कोसाइन.]

सुरुवातीच्या त्या आलेखाचं कोडं आता सुटतं. डावी गाडी ४ सेंटिमीटरवर, उजवी शून्यावर. ही सुरुवात म्हणजे दोन्ही मोडची २-२ सेंटिमीटरची बेरीज: पहिल्या मोडचे २ आणि २, दुसऱ्याचे २ आणि उणे २. डावीकडे बेरीज ४, उजवीकडे शून्य. सोडल्यानंतर दोन्ही मोड एकमेकांना न अडवता आपापल्या वारंवारतेने चालत राहतात आणि गाडीची जागा म्हणजे त्यांची बेरीज. दोन वारंवारतांचं गुणोत्तर √3 आहे, अपरिमेय. त्यामुळे दोन्ही कोसाइन पुन्हा एकाच क्षणी शिखरावर कधीच येत नाहीत. आवर्तकाल सापडत नव्हता, कारण तो नव्हताच.

[दृश्य: स्टॉपवॉच. पहिल्या मोडची दोलनं मोजली जाताहेत.]

√3 म्हणजे १.७३२. प्रत्यक्ष मोजताना मात्र गुणोत्तर याच्या थोडं वर निघतं, आणि त्याचं खापर हाताच्या चुकीवर फोडू नका. आपण स्प्रिंगांचं वस्तुमान शून्य धरलं होतं. समजा प्रत्येक स्प्रिंग १५ ग्रॅमची आहे. बाहेरच्या स्प्रिंगचं एक टोक स्थिर असतं आणि दुसरं गाडीच्या वेगाने जातं, म्हणून गतिज ऊर्जेच्या हिशेबात तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग गाडीत मिळवावा लागतो, म्हणजे ५ ग्रॅम. गाडीच्या मानाने स्प्रिंग हलकी असेल तर हा अंदाज चांगला लागू पडतो. मधली स्प्रिंग मात्र दोन मोडमध्ये दोन तऱ्हेने वागते. पहिल्या मोडमध्ये ती अख्खीच्या अख्खी गाड्यांच्या वेगाने सरकते, म्हणून प्रत्येक गाडीवर तिचे ७.५ ग्रॅम पडतात. दुसऱ्या मोडमध्ये तिचा मध्य स्थिर असतो, म्हणून अर्ध्या तुकड्याचा एक तृतीयांश, फक्त २.५ ग्रॅम.

तेव्हा पहिल्या मोडमध्ये गाडीचं वस्तुमान जणू २६२.५ ग्रॅम, दुसऱ्यात २५७.५. वीस दोलनांना ३१.४ ऐवजी ३२.२ सेकंद लागतील, आणि दुसऱ्या मोडमध्ये १८.१ ऐवजी १८.४. दोन्ही मोड मंदावतात, पण पहिला जास्त मंदावतो. गुणोत्तर होतं १.७५.

[दृश्य: उजव्या गाडीवर २५० ग्रॅमचं वजन चढवलं जातं.]

आता उजवी गाडी ५०० ग्रॅमची करू. स्प्रिंगा त्याच, आणि त्यांचं वस्तुमान पुन्हा बाजूला ठेवू. सवयीने दोन्ही गाड्या सारख्याच अंतराने उजवीकडे नेऊन सोडल्या, तर मधली स्प्रिंग लगेच ताणायला-दबायला लागते. 'एकत्र' आणि 'विरुद्ध' हे उत्तर पाठ करून ठेवलेल्यांची अडचण इथे होते. ती गुणोत्तरं दोन्ही बाजू सारख्या होत्या म्हणून आली होती. पद्धत मात्र तीच राहते.

[पडद्यावर:]
(32 − ω²) A = 16 B
(16 − ω²) B = 8 A
ω⁴ − 48ω² + 384 = 0

ω² ची दोन मूल्यं येतात, १०.१४ आणि ३७.८६. पहिल्यासाठी B/A = १.३६६: संथ मोडमध्ये गाड्या एकाच दिशेने जातात, पण जड गाडी जास्त लांब जाते. हलकी ३ सेंटिमीटर नेली तर जड ४.१ न्यायची. दुसऱ्यासाठी B/A = −०.३६६: जलद मोडमध्ये विरुद्ध दिशा, आणि आता हलकी गाडी जास्त धावते. हलकी ३ सेंटिमीटर डावीकडे, जड फक्त १.१ सेंटिमीटर उजवीकडे.

[दृश्य: जलद मोड, मंद गतीत. लाल दोरा मध्यावर डुलतोय. मग तो जड गाडीकडे सरकवून बांधला जातो आणि स्थिर राहतो.]

लाल दोरा मध्यावर ठेवलात तर तो डुलेल. न हलणारा बिंदू आता जड गाडीकडे सरकला आहे. मधली स्प्रिंग १ ला ०.३६६ या प्रमाणात वाटली जाते: ०.७३२ भाग हलक्या गाडीकडे, ०.२६८ जड गाडीकडे. पुन्हा तिथे भिंत आहे असं धरा. हलक्या गाडीकडच्या तुकड्याचा बलस्थिरांक ४ भागिले ०.७३२, म्हणजे ५.४६, त्यात बाहेरच्या स्प्रिंगचे ४ मिळवून ०.२५ किलोग्रॅमने भागलं की ३७.८६. जड गाडीकडचा तुकडा आखूड म्हणून जास्त ताठ, १४.९३, त्यात ४ मिळवून ०.५ किलोग्रॅमने भागा. तिथूनही ३७.८६ च येतात.