चौरस मीटरला पाच किलो

(दृश्य: महापे येथील औद्योगिक वसाहतीतील एक नवी शेड. ओल्या काँक्रीटचा लांब पट्टा आणि त्याच्या कडेने ओळीने मांडलेल्या गोण्या.)

हा पट्टा 4 मीटर रुंद आणि 30 मीटर लांब, म्हणजे 120 चौरस मीटर आहे. याच्यावर पुढे दिवसरात्र फोर्कलिफ्ट फिरणार असल्याने वरच्या थरात सिमेंट आणि कठीण खड्याची कोरडी पूड, म्हणजे फ्लोअर हार्डनर, दाबून बसवायची आहे. आराखड्यात तिचे प्रमाण चौरस मीटरला 5 किलो असे दिले आहे. त्या हिशेबाने 600 किलो पूड, अर्थात 25 किलोच्या 24 गोण्या लागतात आणि तयार होणारा कठीण थर जेमतेम दोन ते तीन मिलिमीटरचा असतो.

हा आकडा वजनाचा असला, तरी जागेवर त्याचा निकाल पाण्यावर लागतो. पूड कोरडी टाकली जाते आणि तिला भिजवणारे पाणी खालच्या काँक्रीटमधूनच वर यावे लागते. काँक्रीट फार कोरडे असेल, किंवा ते आवळून गेल्यावर पूड पडली, तर पाच किलोंपैकी काही भाग सुका राहतो आणि यंत्राने कितीही घोटले तरी खाली चिकटत नाही. उलट, पृष्ठभागावर पाणी साचलेले असतानाच पूड टाकली, तर खडा खाली बुडतो आणि वर सिमेंटची पातळ, कमकुवत साय उरते. धातूच्या खड्याच्या पुडीचे प्रमाण याहून बरेच जास्त लिहिलेले असते. तिथे खडा जड असल्याने तेवढ्याच जाडीला अधिक किलो लागतात.

(दृश्य: मुकादम काँक्रीटवर पाय ठेवून ठसा पाहतो.)

ओतून, कंप देऊन आणि पातळीत आणून झालेल्या काँक्रीटपाशी सगळे थांबले आहेत. साइट इंजिनिअर घाई करतात, तेव्हा मुकादम एवढेच म्हणतो, "साहेब, अजून पाणी सोडतंय." वर आलेल्या पाण्याची चकाकी गेली आणि बुटाचा ठसा तीन ते पाच मिलिमीटर खोल उमटू लागला, की पहिली फेरी सुरू होते. भिंतीलगतचा आणि खांबांभोवतीचा भाग आधी आवळतो, म्हणून तिथे हात आधी फिरतो.

पाच किलो एकदम टाकायचे नाहीत, कारण तेवढा जाड कोरडा थर एका दमात भिजत नाही. पहिल्या फेरीत दोन तृतीयांश, म्हणजे 16 गोण्या टाकल्या जातात. हे अंदाजाने साधत नाही, म्हणून मुकादमाने फळीवर दर 1.875 मीटरवर खडूची खूण केली आहे. दोन खुणांमधल्या साडेसात चौरस मीटरवर एक गोणी संपलीच पाहिजे. पूड कमरेच्या उंचीवरून, जवळून सोडायची असते. लांबून भिरकावली, तर जड खडा एकीकडे आणि हलके सिमेंट दुसरीकडे पडते.

यानंतर पुन्हा वाट पाहावी लागते. पूड ओल ओढते, तिचा फिकट रंग गडद होतो आणि हा गडदपणा सगळीकडे सारखा दिसल्यावरच पॉवर ट्रॉवेल, म्हणजे पृष्ठभाग घोटणारे यंत्र, खाली सपाट तवा लावून फिरवले जाते. उरलेल्या 8 गोण्या लगेच दुसऱ्या फेरीत, पहिलीला आडव्या दिशेने पडतात. आता एक गोणी 15 चौरस मीटरला, म्हणजे 3.75 मीटर लांबीला पुरते. फिकट डाग राहिले, की बादलीतून पाणी शिंपडण्याचा मोह होतो. तो हात तिथेच धरावा: त्या पाण्याने पूड दिसायला भिजते, पण वरचा थर अशक्त होऊन पुढे धूळ सोडतो.

(दृश्य: दुसऱ्या एका शेडमधील फरशी. हातोडीचे ठोके.)

या फरशीवर सगळी पूड उशिरा आणि एकाच फेरीत पडली होती. हातोडीच्या ठोक्याला काही ठिकाणी पोकळ आवाज येतो आणि चाकांच्या वाटेवर पापुद्रे सुटले आहेत. इथे किलो पूर्ण भरले होते, हे विशेष.

(दृश्य: महापे, संध्याकाळ. रिकाम्या गोण्यांची मोजणी.)

महाप्याच्या पट्ट्यावर मोजणीत साडेतेवीस गोण्या रिकाम्या भरल्या. उरलेली अर्धी गोणी उघड्या शटरजवळच्या शेवटच्या चौकोनाची होती; तिथे दुपारच्या वाऱ्याने काँक्रीट लवकर सुकले आणि दुसऱ्या फेरीची पूड गडद होईना, म्हणून मुकादमाने हात आवरला. त्या 15 चौरस मीटरला पाचऐवजी सुमारे 4.2 किलो मिळाले. इंजिनिअरने तो आकडा जागेच्या खुणेसह नोंदवहीत लिहिला आणि उद्याचा पट्टा ओतण्याआधी शटरला ताडपत्री बांधायला सांगितले.